दारातला हात

२०१७ च्या जानेवारीत आमच्या आज्जीला ऐंशी वर्षं आणि आठ महिने पूर्ण झाले. सहस्रचंद्रदर्शनाचा विधी फेब्रुवारीत करायचा ठरला आणि घरात बैठकांवर बैठका सुरू झाल्या. आचारी कोण, बैलहोंगलकडच्या मंडळींना कधी बोलवायचं, अहेर घ्यायचा की नाही, असे सगळे विषय झाले. शेवटी माझ्या आत्याने विषय काढला, "आईचा आणि अण्णांचा एकत्र असा एकही फोटो नाही आपल्याकडं. तू हेच काम करतोस ना रे? जोडून दे की एक. आज्जीला दाखवू नको आधी. त्या दिवशी एकदम पडदा काढू."

मी टिळकवाडीत फोटोचं काम करतो. जुने फोटो दुरुस्त करणं, फाटलेले जोडणं, दोन फोटोंचा एक करणं, हेच माझं रोजचं पोट. कुणाचे वडील परदेशी असतात, कुणाची आई लवकर गेलेली असते. अशी माणसं मी बऱ्याच फोटोंत आणून बसवली आहेत. घरचं काम मात्र हे पहिलंच होतं. मी लगेच हो म्हणालो.

आमचा अज्जा १९७४ साली गेला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. शहापुरात हातमाग होता त्याचा. मी काही त्याला पाहिलेला नाही. त्याचा मूळ फोटो घरात एकच होता, १९६८ मध्ये सोसायटीच्या कर्जासाठी स्टुडिओत जाऊन काढलेला. अडीच बाय साडेतीन इंचाचा, छातीपर्यंतचा. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि जरा घाबरलेले डोळे. त्याच्या दोन प्रती होत्या. एक कर्जाच्या कागदाला लागली, दुसरी आज्जीच्या पेटीत राहिली. तो गेल्यावर त्याच फोटोवरून भिंतीवरचा मोठा फोटो करून घेतला होता, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ब्रशने रंगवलेला. हार घातलेला तो फोटो बघत आम्ही नातवंडं वाढलो.

आज्जीचा जुना फोटोही एकच होता. १९७९ साली माझ्या आईवडिलांचं लग्न झालं. लग्न बैलहोंगलला, आईच्या माहेरी लागलं आणि परत आल्यावर शहापूरच्या घरी सत्यनारायण झाला. त्या दिवशी घरासमोर काढलेला हा ग्रुप फोटो. सहा बाय आठ इंचाचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तीन रांगांत तेवीस माणसं. मधोमध खुर्च्यांवर आईवडील बसलेले आणि त्यांच्या मागे दोन माणसं मावतील एवढी मोकळी जागा. आज्जी मात्र अगदी उजव्या कडेला, घराच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर. चेहरा तेवढा स्वच्छ आला होता.

ती मोकळी जागा बघितल्यावर मला वाटलं, काम सोपं आहे. आज्जीला कडेवरून उचलायचं, वधूवरांच्या मागे आणायचं आणि शेजारी अज्जाला उभं करायचं. पुढे खुर्च्यांवर माणसं बसलेली असल्यामुळे मागच्यांचं छातीखालचं काही दिसत नव्हतं. म्हणजे अज्जाचा छातीपर्यंतचा फोटो पुरणार होता. नाहीतर अशा कामात धड कुठून आणायचं, हाच मोठा प्रश्न असतो.

पहिली अडचण उजेडाची आली. जोडलेला फोटो ओळखू येतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे. ग्रुप फोटो सकाळच्या उन्हातला होता आणि ऊन बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडून येत होतं. सगळ्यांच्या नाकाची सावली उजव्या गालाकडे पडली होती. स्टुडिओतल्या दिव्याने मात्र अज्जाच्या नाकाची सावली डाव्या बाजूला टाकली होती. तेवीस माणसांच्या सावल्या एकीकडे आणि एकाची दुसरीकडे असली, की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. यावर आमच्या धंद्यात एक सोपा उपाय आहे. फोटो आरशातल्यासारखा उलटा करायचा. मी अज्जाला उलटा केला. सावली बरोबर झाली, पण कोटाची बटणं उलट्या बाजूला गेली. शिंप्याच्या घरातला माणूस ते चटकन ओळखेल, म्हणून कोटाचा पुढचा भाग परत सुलटा करून बसवला.

दुसरी अडचण स्पष्टपणाची. एकट्या माणसाच्या फोटोत चेहरा मोठा असतो, पापण्यासुद्धा मोजता येतात. ग्रुप फोटोत तोच चेहरा जेमतेम नऊ मिलिमीटरचा. अज्जाचा चेहरा लहान करून तसाच ठेवला असता, तर तेवीस धूसर माणसांत तो एकटाच कातरून चिकटवल्यासारखा दिसला असता. म्हणून त्याला मुद्दाम थोडं धूसर करावं लागलं आणि ग्रुप फोटोच्या फिल्मचा जो बारीक रवा होता, तसाच रवा त्याच्या चेहऱ्यावर पसरावा लागला. उंची आत्याने सांगितली, "आईपेक्षा चार बोटं उंच."

तिसरं काम डागांचं. पन्नास वर्षं पेटीत राहिलेल्या फोटोला बुरशी लागते. बारीक गोल ठिपके पडतात. अज्जाच्या कपाळावर, गालावर, कोटावर असे वीसेक ठिपके होते. एकेक करून मी ते सगळे घालवले. त्यातला गालावरचा एक जरा जास्त काळा होता. तोही घालवला. भिंतीवरच्या फोटोत गाल गुळगुळीतच होता, त्यामुळे मला शंका आली नाही.

मग आज्जी. दारातून उचलताना तिचा एक हात पुढे आलेला होता, कोपरापासून सरळ, कुणाकडे तरी. नव्या जागी तो हात अधांतरी दिसायला लागला. मी तो काढला आणि तिथे पदर ओढून घेतला. मूळ फोटोची उजवी कड अशीही खराब झाली होती. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोतली चांदी कडेकडेने वर येते आणि तिरकं धरलं की निळसर आरशासारखी चमकते, तसं झालं होतं. त्या कडेलाच दाराजवळ कुणी बाई होती. तिचा चेहरा हलल्यामुळे नुसता पांढरा फराटा आला होता. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "कोण की. शेजारीण असंल." आज्जी तिथून हलल्यावर दारात तसंही काही राहिलं नव्हतं. मी कड इंचभर कापून टाकली.

शेवटचा प्रश्न कपाळाचा. १९७९ मध्ये अज्जाला जाऊन पाच वर्षं झाली होती. फोटोत आज्जीचं कपाळ रिकामं होतं. अज्जा शेजारी जिवंत उभा आणि हिचं कपाळ पांढरं, हे कसं चालेल? आत्या म्हणाली, "लाव की कुंकू, त्यात काय विचारायचं?" काळ्यापांढऱ्या फोटोत कुंकू काळं येत नाही, मधल्या करड्या रंगाचं येतं. म्हणून त्याच फोटोतल्या आत्याच्या कपाळावरून करडेपणा घेतला आणि आज्जीच्या कपाळावर गोल टिकली बसवली. पाच मिनिटांचं काम.

विधीच्या दहा दिवस आधी नमुना म्हणून एक लहान प्रत काढली. मोठी प्रत वीस इंच रुंद काढायची होती. एवढा खर्च करण्याआधी कुणीतरी जुनं माणूस बघावं, असं मला वाटायला लागलं. या कामात हे मी शिकलो आहे. आपण चेहऱ्याला किती तास दिले याला काही अर्थ नसतो, त्या माणसाबरोबर राहिलेलं माणूस एका क्षणात चूक दाखवतं. आणि अज्जाबरोबर राहिलेलं माणूस घरात एकच होतं. आत्याची शपथ मोडून मी दुपारी आज्जीसमोर जाऊन बसलो.

आज्जी सोप्यात बसून वाती वळत होती. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, नजर चांगली होती. मी प्रत तिच्या मांडीवर ठेवली आणि काही बोललो नाही.

तिने आधी हात पदराला पुसले. मग फोटो उजेडाकडे धरला. पहिली नजर आईवडिलांवर गेली, मग तिथून वर. तिथेच थांबली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हे कधी आले?"

मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. सगळं सांगितलं. पेटीतला फोटो कसा घेतला, संगणकावर कसा जोडला. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिचं बोट अज्जाच्या चेहऱ्यावर फिरत होतं. काच नव्हती, कागदावरूनच.

"टोपी ह्या अंगाला कधी कलती घालत नव्हते," ती म्हणाली. "त्या अंगाला."

मी चाट पडलो. उलटा केलेला फोटो घरात कुणीही ओळखला नव्हता. बटणं मी सुधारली, टोपीकडे लक्षच गेलं नव्हतं.

"आणि तीळ कुठं गेला?"

"कुठला तीळ?"

"गालावरचा. डाव्या. दाढी करताना कापायचा तो, रक्त यायचं. रोज ओरडायचा मी."

गालावरचा तो काळा ठिपका डाग नव्हता. आत्याला मागाहून विचारलं, तर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "होता की रे. मी विसरूनच गेले होते." भिंतीवरच्या फोटोत ब्रशवाल्याने तो १९७५ मध्येच पुसला होता. वर्षानुवर्षं तोच गाल बघून मुलगीही तीळ विसरली होती. खरं तर ओळखायची खूण साधी आहे. फोटो खिडकीशी तिरका धरायचा. बुरशीचा ठिपका कागदाच्या अंगावर असतो, म्हणून तिरप्या उजेडात तो मंद, खरबरीत दिसतो. तीळ चित्राच्या आत असतो, तो तिरप्या उजेडात वेगळा दिसतच नाही. दुसऱ्यांच्या फोटोत मी हे नेहमी बघतो. घरच्या फोटोत बघितलं नाही.

आज्जीची नजर आता स्वतःकडे वळली. तिने फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग डाव्या हाताचं बोट आपल्या कपाळाला लावलं.

"हे तू लावलंस?"

"हो आज्जी. म्हटलं, अज्जा शेजारी असताना..."

"पुसताना मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लावतानाबी विचारलं नाहीस."

मी खाली बघत राहिलो. वातींचं तबक तसंच पडून होतं. थोड्या वेळाने तिनेच विषय बदलला, असं मला वाटलं.

"मी हितं नव्हतो की उभा. मी दारात होतो."

"माहीत आहे आज्जी. मीच तुला मधे आणलं. तुझी जागा खरी तिथेच ना, नवऱ्या मुलाच्या मागे."

"जागा असंल. उभं राहू कोण देतंय?" तिने फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "आणि बीगित्ती कुठं हाईत?"

आम्ही बैलहोंगलच्या आजीला अम्मा म्हणायचो. आईची आई. ती १९९६ साली गेली. ती या फोटोत नाही, असंच आम्ही सगळे समजत होतो. फोटो काढताना ती स्वयंपाकघरात असेल, असं आई म्हणायची आणि तिला त्याचं वाईटही वाटायचं.

"अम्मा कुठे होती या फोटोत?"

"मग माझा हात कुणी धरला होता रे?"

आणि मग आज्जीने १९७९ ची ती सकाळ सांगितली. मी तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो, सगळं जमणार नाही.

"सत्यनारायणाला मी पुढं आलोच नव्हतो. चुलीपाशी होतो. प्रसादाचा शिरा मी भाजला, पण ताटात वाढून नेला तुझ्या आत्यानं. तशीच रीत होती, कुणी मुद्दाम केलं असं नव्हे. लग्नातबी अक्षता मी लांबून टाकल्या. पाच वर्षं झाली होती, सवय झाली होती. रात्री कांड्या भरायच्या, दिवसा घर. पोराचं लग्न झालं हेच पुष्कळ. फोटोवाला आला, सगळे उभे राहिले. मी दाराआडून बघत होतो. पोराच्या मागं जागा मोकळी सोडली होती सगळ्यांनी, कुणी म्हणालं नाही, पण सोडली होती. ह्यांची आणि माझी. तेवढ्यात तुझी अम्मा मागं वळली. फोटोवाला मान काळ्या फडक्यात घालून बसलेला, आणि ही दारात आली. माझं मनगट धरलं. म्हणाली, 'बर्री अक्कार, नीविल्लद यंथा फोटो?' मला कन्नड तेव्हा बाजारापुरतं यायचं. पण ते कळलं."

"मग?"

"मग काय? मी नको नको म्हणालो. बायका बघायलेल्या. नवीन बीगरू, पहिला दिवस, त्यांच्याच माणसांत कुजबुज सुरू झालेली. सवाष्णीनं विधवेला मधी ओढायचं, पोरीच्या संसाराचा पहिला फोटो. तिनं सोडलं नाही. ओढलंच. मी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि फोटोवाल्यानं काढला. एकच काढायचा ठरला होता. पुन्हा कोण काढतंय?"

ती थांबली. फोटो तिने माझ्या हातात परत दिला.

"तिनं मला बाहेर काढलं होतं रे. तू तिलाच काढून टाकलंस."

मी उठलो तो थेट दुकानात गेलो. सुदैवाने एक नियम मी कधी मोडत नाही. मूळ फोटोची स्कॅन केलेली फाइल वेगळी ठेवायची, तिच्यावर हात चालवायचा नाही, सगळं काम प्रतीवर करायचं. ती फाइल उघडली आणि उजवी कड मोठी करून बघितली. चेहऱ्याच्या जागी फराटाच होता. शटर उघडं असताना माणूस वळलं तर तसंच येतं, आणि ते आता कशानेही दुरुस्त होणार नव्हतं. फिल्मवर चेहरा उमटलाच नव्हता, तर मी आणणार कुठून? पण चेहरा हलला होता, हात हलला नव्हता. घट्ट धरलेला हात हलत नाही. मनगटावर चार बोटं स्पष्ट दिसत होती, हातात काचेच्या बांगड्या, आणि मागे लोंबणारा पदर.

संध्याकाळी आईला दुकानात बोलावलं. तिला काही न सांगता ती कड पडद्यावर दाखवली. ती आधी चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला काही ओळखेना. मग म्हणाली, "पदर मोठा करून दाखव." मी केला. इरकलीचा टोपतेनी पदर होता. आई एकदम खुर्चीवर बसली. "अव्वाची आहे ही. माझ्या लग्नात आज्जांनी घेतलेली." अडतीस वर्षं तो फोटो आमच्या घरात होता. आपली आई त्यात नाही म्हणून माझी आई हळहळत होती, आणि आई तिथेच होती, तिच्या सासूचा हात धरून, पाठ वळवून.

पुढचे चार दिवस मी उलटं काम केलं. जोडलेला फोटो बाजूला ठेवला. मूळ फोटो घेतला आणि फक्त जे काळाने बिघडवलं होतं तेवढंच सुधारलं. कडेची चांदी, पुठ्ठ्याची भेग, बुरशी. कड कापली नाही. फराटा तसाच ठेवला. आज्जी दारातच राहिली, कपाळ रिकामं, हात पुढे. आत्या पहिल्यांदा नाराज झाली. "मंगल कार्यात असला फोटो?" असं म्हणाली. मी तिला आज्जीकडे पाठवलं. तासाभराने ती डोळे पुसत बाहेर आली आणि मग काही बोलली नाही.

अज्जाचा फोटो वेगळा केला. या वेळी उलटा न करता, टोपी त्याच्याच बाजूला कलती. शेजारी कुणाच्या सावलीशी जुळवायचं नव्हतं, त्यामुळे स्टुडिओतला उजेड होता तसा राहू दिला. ठिपके तिरप्या उजेडात एकेक तपासून काढले आणि तीळ ठेवला. पापण्या आता दिसत होत्या. दोन्ही फोटो एका उंचीचे काढून एकाच रंगाच्या चौकटीत बसवले.

विधीच्या दिवशी पडदा आज्जीच्याच हातून काढला. बैलहोंगलचा मामा पुढे आला, त्या हाताकडे बघितलं आणि कन्नडमध्ये आपल्या मुलींना सांगायला लागला, ही तुमची अज्जी. मी आज्जीकडे बघत होतो. तिने अज्जाच्या फोटोला हार घालू दिला नाही. "राहू दे," म्हणाली, "तीळ झाकंल."

नमुन्याच्या त्या लहान प्रतीचं काय झालं, हे मी विसरूनच गेलो होतो. मला वाटलं दुकानातल्या रद्दीत गेली असेल. आज्जी २०२१ मध्ये गेली. दिवस झाल्यावर आई आणि आत्या तिची पेटी आवरत होत्या. लुगड्यांच्या तळाशी एक वर्तमानपत्राची घडी होती, घडीत तो फोटो. माझा चुकलेला फोटो. आज्जी मधोमध, कुंकू लावलेली, शेजारी उलटा अज्जा. कधी तरी माझ्या दुकानात येऊन तिने तो मागून नेला असणार, किंवा त्या दुपारी मी तो सोप्यातच विसरलो असणार. आता विचारायला कुणी नव्हतं.

आईने फोटो माझ्यापुढे धरला, "हे बघ." अज्जाच्या गालावर निळ्या बॉलपेनचा एक ठिपका होता. जरा दाबून दिलेला, कागदाला खळगा पडेल इतका. फोटो उलटा असला तरी आज्जीची गल्लत झाली नव्हती, ठिपका अज्जाच्या डाव्याच गालावर होता. बाकी कुठेही तिने पेन लावलं नव्हतं. कुंकूही पुसलं नव्हतं.

तो फोटो मी स्कॅन केलेला नाही. तसाच घडीत घालून पेटीत परत ठेवला.